‘लेदर कधी देता जी, सर?’ : ८ ते १४ वयाच्या पोरापोरींसाठी बॅटिंगचे ड्रिल

स्लाइड १
लेदर बॉल कधी?
मोज्यातल्या बॉलपासून नेटपर्यंत, एकेक पायरी.
उन्हाळी शिबिर, मानेवाडा रोड, नागपूर. सकाळचा ग्रुप.
(सेव्ह करून ठेवा. आई-बाबांनाही दाखवा, त्यांच्यासाठीच जास्त आहे.)

स्लाइड २
शिबिराच्या पहिल्या दिवशी गेटवरच विचारतात, ‘सर, लेदर कधीपासून?’ २०१७-१८ मध्ये विदर्भाने रणजी जिंकली, पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकली आणि २०२४-२५ ची तर आपल्या जामठ्यातच उचलली. तेव्हापासून ही घाई वाढली आहे. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू.

पण आमच्याकडे बॉल वयावर मिळत नाही, फीवर तर नाहीच. आधी स्पंजचा, मग टेनिस, मग सिंथेटिक, शेवटी लेदर. प्रत्येक पायरीला एकच परीक्षा: लागोपाठ दोन दिवस, १० पैकी ८ बॉल नीट. आठ झाले की वर. पाच झाले तर तिथेच, त्यात लाज नाही. आणि बॉलला घाबरून मान फिरवली, तर दहा लागले तरी तिथेच.

स्लाइड ३
आधी बॅट बघू.

‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठी बॅट घेतात. शाळेच्या युनिफॉर्मचा हिशोब बॅटला लागत नाही. जड बॅट उचलायला खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते, आणि मग वर्षभर आम्ही ‘सरळ खेळ, सरळ खेळ’ ओरडत बसतो.

घरी तपासा: पोराने फक्त वरच्या हाताने (उजवखोऱ्याचा डावा) बॅट समोर खांद्याइतकी उचलून १० आकडे मोजायचे. मनगट थरथरलं, कोपर वाकलं तर बॅट जड आहे. जुनी, भावाची, हलकी बॅट असेल तर तीच आणा.

स्लाइड ४
ग्रिप आणि स्टान्स

बॅट जमिनीवर पालथी ठेवा, दांडा आपल्याकडे. आता कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचला. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये इंग्रजी व्ही तयार होतो. दोन्ही हातांचे व्ही एका रेषेत आले की झालं. दोन्ही हात जवळजवळ.

पाय खांद्याइतके लांब, गुडघे थोडे सैल, डोळे आडवे सरळ रेषेत. डोकं ऑफला कललं की बॉल कुठे आहे हेच चुकतं. रोज ५ मिनिटं, बस. यावर तास घालवला तर पोट्टे कंटाळतात आणि त्यांचं बरोबर असतं.

स्लाइड ५
शॅडो: बॉल नाही, फक्त फटका

आरशासमोर २० फॉरवर्ड डिफेन्स, २० स्ट्रेट ड्राइव्ह. घाई नाही. पुढचा पाय पडला की डोकं त्या पायाच्या वर आलं का, हे बघून मगच पुढचा. शेवटचा फटका गोठवून ठेवा आणि ३ पर्यंत मोजा. तोल गेला तर तो मोजायचा नाही.

सुरक्षा: बॅट हातात धरून आधी हळूच एक गोल फिरून बघा. पंखा, ट्यूबलाइट, टीव्ही, आणि मुख्य म्हणजे मागे येऊन उभं राहणारं धाकटं भावंडं. घरातली बहुतेक लागालागी अशीच होते.

स्लाइड ६
मोज्यातला बॉल

माझा सगळ्यात लाडका ड्रिल, आणि खर्च शून्य. जुना मोजा, त्यात टेनिस बॉल, वर गाठ, गाठीला दोरी. दोरी झाडाच्या फांदीला किंवा गॅलरीतल्या हुकाला. बॉल गुडघ्याच्या जरा वर लोंबला पाहिजे.

पहिला आठवडा नुसता डिफेन्स. बॉल बॅटला लागून मेला पाहिजे, म्हणजे परत झोके खात येता कामा नये. तो लांब गेला याचा अर्थ हात कडक आहेत. खालच्या हाताची फक्त दोन बोटं आणि अंगठा ठेवून खेळून बघा. आवाज ‘टक्’वरून ‘टप्’ होतो. तो ‘टप्’ ऐकू आला की पोराला स्वतःलाच कळतं, मला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हळू ड्राइव्ह. बॉल सरळ जाऊन सरळ परत आला तर बॅट सरळ होती. गोल गोल फिरायला लागला तर बॅट आडवी आली. हा कोच फुकटात मिळतो आणि चिडत नाही.

सुरक्षा: एका वेळी एकच जण. बॉल परत येताना हाताने धरायला जाऊ नका, थांबू द्या. दोरी रोज ओढून बघा. दुपारी दोन ते चार शेजारी झोपतात, हेही सुरक्षेतच धरा.

स्लाइड ७
ड्रॉप बॉल

कोच ऑफ साइडला, बॅट फिरते त्या गोलाच्या बाहेर, हात लांब करून उभा. टेनिस बॉल सोडायचा, टप्पा पडला की बॅट्समनने पुढे पाय टाकून जमिनीलगत मारायचा. समोर दोन चपला ठेवा, २ मीटर अंतरावर. बॉल त्यांच्या मधून गेला तर एक मार्क. उंच गेला तर शून्य, चौकार असला तरी.

सुरक्षा: बॉल मोठ्या माणसानेच सोडायचा, दुसऱ्या पोराने नाही. ‘सोडतो’ म्हटल्याशिवाय बॅट जमिनीवरून उचलायची नाही. समोर कोणीही उभं नको.

स्लाइड ८
अंडरआर्म

८-१० मीटरवरून, एका टप्प्याचा, सगळे एकाच जागी. जमलं की जागा बदलायची: एक ऑफला, एक पायावर. मग न सांगता. पोरगा पाय आधी टाकतो की बॉल आधी बघतो, ते इथे उघडं पडतं.

१२ बॉल, मग पुढचा. एकाच पोराने ५० बॉल खेळण्यापेक्षा चौघांनी बारा-बारा दोनदा खेळलेले बरे. दमलेलं पोरगं चुकीचाच फटका पाठ करतं.

स्लाइड ९
बॅकफूट आणि पुल. इथे थांबून वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून चूक झाली. बारा वर्षांचा पोरगा, ड्राइव्ह इतका देखणा की बाजूच्या नेटमधले थांबून बघायचे. मी त्याला थेट सिंथेटिकवर पुल द्यायला लागलो. तिसरा बॉल जरा उसळला, त्याने डोळे मिटून मान फिरवली आणि बॉल हेल्मेटच्या ग्रिलवर आदळला. ग्रिल होती म्हणून निभावलं. पण पुढचे दोन महिने तो पुढच्या पायावरही मागे सरकत खेळायचा. ड्राइव्ह गेला तो गेलाच होता, कसाबसा परत आणला.

तेव्हापासून आमचा क्रम पक्का आहे. पहिले चार दिवस पुल नाहीच. नुसतं सोडणं आणि वाकणं. स्पंजचा बॉल छातीच्या उंचीला. हात खाली, गुडघे वाकवून खाली बसायचं, नजर शेवटपर्यंत बॉलवर. बॉल डोक्यावरून जाताना बघितला पाहिजे. मी विचारतो, ‘शिवण दिसली का?’ स्पंजच्या बॉलला शिवण नसते. ‘हो सर’ म्हणणारा पकडला जातो.

मग टेनिस बॉलवर बॅकफूट डिफेन्स: मागचा पाय मागे आणि थोडा ऑफस्टंपकडे, कोपर वर. मग पुल, तोही कमरेच्या उंचीचा, बॉल खाली दाबत. इथे वर चढायला १० पैकी ८ नाही, ९ लागतात.

स्लाइड १०
डोक्याला लागलं तर

खेळ तिथेच बंद, ‘ठीक आहे सर’ म्हटलं तरी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंधुक दिसणं, तोच प्रश्न परत परत विचारणं: यातलं एकही दिसलं तर डॉक्टर, आणि त्यांनी सांगेपर्यंत मैदान नाही. उलटी, शुद्ध हरपणं, जास्त झोप येणं, मान दुखणं, हातपाय बधिर होणं: थेट इमर्जन्सी. त्या दिवशी त्याला एकटं सायकलवर घरी पाठवायचं नाही. जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून चांगलं दिसत असलं तरी.

स्लाइड ११
आता लेदर

किट पूर्ण नसेल तर त्या दिवशी टेनिस बॉल. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज, गार्ड, थायपॅड, बूट. सॅंडलवर नेट नाही.

हेल्मेटच्या आतल्या लेबलवर BS7928:2013 आहे का बघा. लहान पोरांचा बॉल मोठ्यांच्या बॉलपेक्षा आकाराने लहान असतो, म्हणून मोठ्याचं हेल्मेट घट्ट करून चालत नाही. ग्रिल आणि पुढच्या टोकामधल्या फटीतून त्यांचा बॉल आत शिरू शकतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूजला मानेवर बॉल लागला आणि तो गेला. मानेमागचं गार्ड लावा, ‘गरम होतं’ म्हणून काढून ठेवू नका.

१३ वर्षांच्या आतल्यांना १४० ग्रॅमच्या आसपासचा बॉल, मोठ्यांचा १५६ ग्रॅमचा नाही. पूर्ण पिच २२ यार्डांचं; आम्ही १६ वरून हळू थ्रोडाउन देतो, मग १८, २०, २२. अंतर वाढलं त्या दिवशी वेग वाढवत नाही. दोन्ही एकदम बदलायचे नाहीत.

स्लाइड १२
नेटचे नियम (हे पाठच हवेत)

शेजारच्या नेटमध्ये बॅटिंग चालू असताना पडलेला बॉल उचलायला जायचं नाही. सगळे एकदम थांबतात, तेव्हाच सगळे एकदम बॉल गोळा करतात. परत येताना पाठ बॅट्समनकडे नको. ‘बॉल!’ अशी आरोळी आली की वर बघायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली बसायचं. जाळीला टेकून उभं राहायचं नाही, जाळी आत येते. पालकांनीही. मॅट ओली असेल तर नेट रद्द.

स्लाइड १३
नागपूरचं ऊन

५.४५ ते ७.४५, त्यानंतर एक बॉलही नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा ७ ला आटोपतो. दर २० मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. पाणी पिताना हेल्मेट काढायचं. घरून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक द्या. आजी खिशात कांदा देते, तो राहू द्या, पण सोबत बाटली हवी.

पोरगं गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, पोटऱ्यात गोळे आले, तर सावली, ओला टॉवेल, पाणी. बरळायला लागलं किंवा अंग तापलं तर अंगावर पाणी ओतत दवाखाना. आणि वळवाचा गडगडाट ऐकू आला की सगळे पॅव्हिलियनमध्ये, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

कॅप्शन
सहा आठवड्यांत सगळे लेदरवर जातील असं मी सांगत नाही. काही जण जातील. काही टेनिसवरच राहतील आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडल्या की शनिवार-रविवारच्या बॅचला पुढे चालू ठेवतील. ‘त्याला दिलं, मला काहून नाही?’ असं पोराने घरी विचारलं तर मला विचारा. वहीत रोजचे दहातले आकडे लिहिलेले असतात, दाखवीन. मुलींचीही हीच वही, हीच परीक्षा.

उद्या येताना प्रत्येकाने एक जुना मोजा आणा. धुतलेला.