पूरमदतीसाठी १,५७,३५० रुपये हवे आहेत

नमस्कार,

गेल्या आठवड्यात गोदावरीला आलेल्या पुराचं पाणी आपल्या पंचवटीतल्या ३८ घरांत शिरलं. २७ घरं गोदाघाटामागच्या गल्ल्यांतली आहेत, ११ वाघाडीच्या काठची. या घरांसाठी आम्ही पैसे गोळा करतोय. आम्ही म्हणजे पंचवटीतलं आपलं वाचनालय. तुमच्यापैकी बरेच जण तिथे रोज सकाळी पेपर चाळायला येतात, तेच.

पूर होता तेवढाच सांगतो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं होतं. नारोशंकराच्या घंटेपर्यंत ते गेलं नाही. १९६९ चा पूर पाहिलेली मंडळी अजून आपल्यात आहेत, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. यंदाचा पूर त्या मापाचा नव्हता. कोणी दगावलं नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार याची सूचना आदल्या रात्रीच आली होती, त्यामुळे माणसं आणि गॅसच्या टाक्या वेळेत वर गेल्या. वाघाडीकाठी मात्र तेवढाही वेळ मिळाला नाही. गोदावरी भरली की वाघाडीच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे फुगतं आणि तासाभरात उंबरा ओलांडतं.

जेवणाची सोय सध्या आहे. पहिले पाच दिवस आसपासच्या सोसायट्यांनी पोळी-भाजी पुरवली, आता बहुतेकांच्या घरी चूल पेटलीय. म्हणून धान्य, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणू नका. जुने कपडे तर अजिबात नकोत. याला कारण आमचीच एक चूक आहे. २०१९ ला आम्ही "जे असेल ते द्या" असा फलक लावला आणि वाचनालयाचा मागचा हॉल कपड्यांनी भरून गेला. लग्नातले कोट आले, एका पायाचे बूट आले. दिवाळी झाली तरी अकरा गोण्या पडून होत्या, त्यांना बुरशी धरली होती. त्या उचलायला लावलेल्या टेंपोचे १,८०० रुपये तुम्हीच दिलेल्या पैशांतून गेले. त्या वर्षीच्या हिशेबात ती ओळ आहे, कोणालाही दाखवू.

या वेळी आधी घरोघर फिरलो, मग आकडा काढला. समितीतले पाच जण दोन गटांत तीन दिवस फिरले. प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला : काय गेलं आणि त्यातलं कशावाचून अडलंय? उत्तरं आमच्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली. भांडी लागतील असं आम्ही धरून चाललो होतो, पण भांडी गाळात सापडली, घासून परत मांडणीवर लागली. अडलंय ते गाद्यांवाचून. कापसाची गादी एकदा पुराचं पाणी प्यायली की संपलीच, दोन गड्यांना उचलत नाही, आणि उन्हात आठवडाभर ठेवली तरी आतून गाळाचा वास येतच राहतो. दुसरी अडचण शेगड्यांची. एका घरी आमच्यासमोर बर्नर उघडला तर आत चहाच्या गाळासारखा काळा चिखल घट्ट बसलेला होता. काही शेगड्या साफ करून पेटतात, ज्यांचे नळे गंजलेत त्या वापरणं धोक्याचं आहे.

त्यावरून हा खर्च ठरवलाय. ३८ घरांना प्रत्येकी दोन गाद्या, म्हणजे ७६. एक ८५० रुपयांना, एकूण ६४,६०० रुपये. २१ नव्या शेगड्या, प्रत्येकी १,९००, म्हणजे ३९,९००. १४ शेगड्यांची दुरुस्ती ३५० प्रमाणे ४,९००. तीन घरच्या शेगड्या ठीक आहेत. ३१ मुलांना दप्तर, वह्या आणि कंपासपेटी मिळून प्रत्येकी ९००, म्हणजे २७,९००. पाठ्यपुस्तकांचं शाळांशी बोलणं झालंय, ती यात धरलेली नाहीत. घाटावर फुलं, पूजेचं सामान, भेळ, चहा विकणाऱ्या नऊ जणांना हातगाडीची दुरुस्ती किंवा माल भरण्यासाठी प्रत्येकी ६,००० पर्यंत, म्हणजे ५४,०००. टेंपो, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर ७,४००. सगळं मिळून १,९८,७००. हे पत्रक छापायला दिलं तोवर ४१,३५० जमले होते. राहिले १,५७,३५०.

यात पगार, मानधन, चहापाणी काही नाही. पत्रकाच्या छपाईचा खर्च वाचनालयाने आपल्या नेहमीच्या खात्यातून केलाय.

नऊ विक्रेत्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण समितीत सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. दोघांचं म्हणणं असं की धंद्याचं नुकसान भरून देणं हे आपलं काम नाही, घर तेवढं उभं करू. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण या नऊ घरांत गादी आणि शेगडी देऊन आपण थांबलो, तर गाडी उभी राहीपर्यंत रोजची कमाई बंद, आणि मग खासगी कर्ज. एकाची गाडी पुलाच्या कमानीत अडकलेली सापडली; आस वाकलाय, पत्रा फाटलाय, चाकं शाबूत आहेत. वेल्डरने ४,२०० सांगितले. तेवढेच देऊ, आणि तेही वेल्डरला. मालाचे पैसेही ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर भरू. शेवटी हा खर्च धरायचा हे चार विरुद्ध एक असं ठरलं. ज्यांना तो पटत नसेल त्यांनी पावती करताना "फक्त घरांसाठी" असं सांगावं, पावतीवर तसं लिहू आणि ते पैसे तिकडेच वापरू.

आणखी एक प्रश्न आम्हाला रस्त्यात थांबवून विचारला जातो : ही घरं पूररेषेत आहेत, दर चार-पाच वर्षांनी हेच होणार, मग दर वेळी मदत का करायची? घरं पूररेषेत आहेत हे खरं आहे, आणि त्यावर उपाय आमच्याकडे नाही. पुनर्वसन हे महापालिकेचं आणि शासनाचं काम आहे. म्हणून बांधकामावर, भिंतींवर, पत्र्यांवर एक रुपयाही खर्च करणार नाही. या श्रावणात जमिनीवर झोपायला लागू नये, घरात चहा उकळावा, मुलं शाळेत जावीत, एवढ्यापुरतीच ही मदत आहे.

तलाठ्यांचे पंचनामे झालेत. सरकारी मदत या कुटुंबांना मिळाली तर ती त्यांची, आम्ही ती आमच्या मदतीतून वजा करणार नाही. मात्र दुसऱ्या एखाद्या मंडळाने गाद्या आधीच पोचवल्या, तर त्या घराच्या गाद्या आपल्या यादीतून कमी होतील. म्हणून खरेदी एकदम न करता दोन टप्प्यांत करतोय.

आता पैशाचं. खातं वाचनालयाचं आहे, कोणा व्यक्तीचं नाही. वाचनालय धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे. प्रमाणपत्र आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल दारातून शिरल्यावर डाव्या भिंतीला काचेत लावलेत. खात्यातून पैसे काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात. क्यूआर कोड पत्रकाच्या मागच्या पानावर आहे. स्कॅन केल्यावर फोनवर वाचनालयाचं नाव दिसलं तरच पुढे जा. फॉरवर्ड होऊन आलेल्या दुसऱ्या कोणत्याही कोडवर पैसे टाकू नका. आम्ही सिग्नलवर डबा फिरवत नाही, घरी येऊन रोख मागत नाही. रोख द्यायची असेल तर वाचनालयात या आणि क्रमांक छापलेली पावती हातात पडल्याशिवाय उठू नका.

आयकरात सूट मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. ज्यांना सूट महत्त्वाची आहे त्यांनी मुख्यमंत्री सहायता निधीला द्यावं, आम्हाला काही वाटणार नाही.

समितीतल्या एका सदस्याच्या भावाचं गाद्यांचं दुकान आहे. हे तुम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आम्हीच सांगतो. तीन दुकानांतून दर मागवले. ८५० हा सर्वांत कमी दर दुसऱ्या दुकानाचा होता, खरेदी तिथून होईल. दरपत्रकं उघडली तेव्हा तो सदस्य बैठकीला नव्हता. दुसऱ्या एका सदस्याचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलंय. त्याचं नाव मदतीच्या यादीत नाही, हे त्यानेच सुचवलं.

कुटुंबांची नावं आणि फोटो कुठेही लावणार नाही. मदत घेताना हात पुढे केलेला फोटोही काढणार नाही. मदत पोचली याचा पुरावा म्हणून दुकानाचं बिल आणि घेणाऱ्याची सही असलेलं रजिस्टर वाचनालयात राहील. बिलं सर्वांना खुली आहेत. रजिस्टर मात्र हवं तर तिथेच बसून बघा, त्याचा फोटो काढू देणार नाही. वाटपाच्या दिवशी बरोबर यायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत, गल्ल्या अरुंद आहेत आणि लोकांना आपलं घर प्रदर्शनासारखं वाटायला नको.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहू : जमा, खर्च, शिल्लक. आकडा पुरा झाला की त्याच दिवशी क्यूआर काढून टाकू आणि फळ्यावर "पुरे" असं लिहू. त्यानंतरही काही आलं, किंवा दुसऱ्या कोणाच्या मदतीमुळे आपल्याकडे उरलं, तर ते मुख्यमंत्री सहायता निधीत भरून त्याची पावती फळ्याशेजारी लावू. पंधरा दिवसांत आकडा पुरा झाला नाही, तर आधी गाद्या आणि शेगड्या, मग शाळेचं सामान, आणि शेवटी हातगाड्या, याच क्रमाने जेवढं होईल तेवढं करू.

किती द्यावं असं विचारणाऱ्यांना आम्ही शेगडीच्या दुरुस्तीचा आकडा सांगतो, ३५०. त्याहून कमी दिलंत तरी पावती मिळेल. देणं जमत नसेल तर कारण सांगायची गरज नाही. पेपर चाळायला नेहमीसारखे या.

पैशांखेरीज दोन गोष्टी उपयोगी पडतील. येत्या शनिवारी दुपारी तीनला गाद्या उतरवायला आठ-दहा धडधाकट माणसं हवीत. आणि ज्यांना गॅस शेगडी उघडून साफ करता येते असं कोणी ओळखीत असेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा. मजुरी देणार आहोत.

वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. हिशेबाची फाईल ग्रंथपालांच्या टेबलावर उजव्या कप्प्यात आहे, मागितली की मिळेल.

आपले,
पूरमदत समितीचे पाच सदस्य
पंचवटी, नाशिक