मातोश्रींच्या स्मरणार्थ देऊ केलेली देणगी साभार परत करण्याबाबत

माण तालुका, जि. सातारा
दिनांक : 10 जून 2025

आदरणीय दादासाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले 24 मे रोजीचे पत्र आणि त्यासोबतचा वीस लाख रुपयांचा धनादेश मिळाला. उरलेले वीस लाख दिवाळीनंतर देण्याचे आपण लिहिले आहे. आपल्या गावच्या शाळेला एवढी रक्कम आजवर कोणी देऊ केलेली नाही. परवा, रविवारी 8 जूनला, कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले. आईसाहेबांच्या आठवणींचा परिच्छेद आला तेव्हा माझा आवाज बसला आणि पुढचे आपल्या मुख्याध्यापकांनी वाचले.

तरीही मंडळाने एकमताने ठराव केला की ही देणगी आहे त्या अटींवर स्वीकारता येणार नाही. धनादेश बँकेत भरलेला नाही, तो या पत्रासोबत परत पाठवत आहे. हे लिहिताना मला जड जाते आहे. पण आपल्याला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवण्यापेक्षा लगेच आणि स्पष्ट कळवावे, तेच आपल्या मानाला शोभेल असे वाटले.

प्रयोगशाळेला आईसाहेबांचे नाव द्यावे, ही आपली इच्छा सर्वांना मनापासून मान्य होती. अडचण आली ती प्रवेशाच्या दोन अटींपाशी. दरवर्षी पाचवीच्या दहा जागा आपल्या भावकीतल्या मुलांसाठी राखाव्यात आणि त्यांची नावे आपल्या कुटुंबाने कळवावीत, ही पहिली. सेमी इंग्रजीच्या तुकडीसाठी प्रवेश परीक्षा घ्यावी आणि 60 टक्क्यांखालच्या मुलाला त्या तुकडीत घेऊ नये, ही दुसरी.

दुसऱ्या अटीमागची आपली तळमळ मला कळते. शाळेचा निकाल वर यावा, गावच्या पोरांनी पुण्यात कुठे कमी पडू नये, असे आपल्याला वाटते. मलाही एकतीस वर्षे वर्गात उभे राहताना तेच वाटत होते. पण दहा वर्षांच्या मुलाचे 60 टक्के म्हणजे बहुतेकदा त्याच्या घरी कोण शिकलेले आहे आणि तो वर्षातले किती महिने एका जागी राहिला, याचेच मोजमाप असते. आपल्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी मुले दिवाळीनंतर मेंढरांमागे कोकणात उतरतात किंवा आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. ती परत येतात तेव्हा पुस्तकाचे अर्धे धडे होऊन गेलेले असतात. त्यांना परीक्षेला बसवले, तर तुकडी कोणाची होईल हे पेपर न तपासताही सांगता येईल.

सेमीच्या 40 जागांसाठी गेल्या वर्षी 67 अर्ज आले. आपण सोडत काढली. ऑफिसातला स्टीलचा मोठा डबा, सारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायला शेजारच्या अंगणवाडीतली एक चिमुरडी. सगळे पालक पटांगणात लिंबाखाली बसले होते. सरपंचांच्या नातवाची चिठ्ठी निघाली नाही आणि शाळेपुढे खडी फोडणाऱ्या बाईच्या मुलीची निघाली. सरपंच उठून गेले नाहीत, शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत बसून होते. दादासाहेब, गावाचा हा विश्वास जमवायला आम्हाला फार वर्षे लागली. दहा जागा आधीच बाजूला काढून ठेवल्या, तर पुढच्या जूनमध्ये त्या डब्याकडे कोणी तशा नजरेने बघणार नाही.

कायद्याचेही सांगणे भाग आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे कोणत्याही शाळेला प्रवेश देताना कॅपिटेशन फी घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. अधिसूचित फीखेरीज घेतलेली कोणतीही देणगी त्या कायद्याच्या व्याख्येत कॅपिटेशन फीमध्येच मोडते. एका मुलाला दुसऱ्यापेक्षा आधी घ्यायचे तर सोडतीसारखी पद्धतच चालते, निवड परीक्षा चालत नाही. शिवाय आपली शाळा अनुदानित आहे. भावकीपुरत्या जागा म्हणजे प्रत्यक्षात एकाच जातीपुरत्या जागा होतात, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ जातीवरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही, असे संविधानाचे 29 वे कलम सांगते. आपला हेतू असा नव्हता याची मला खात्री आहे. पण जागेला जोडलेली रक्कम कागदावर तशीच दिसेल, आणि त्यात आईसाहेबांचे नाव ओढले जावे हे आम्हाला सहन होणार नाही.

खरे सांगायचे तर कायदा नसता तरी आमचे उत्तर हेच असते. बैठकीआधी मी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. 1962 सालच्या पहिल्या पानावर पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात शेतमजूर, मेंढपाळ, सुतार, तलाठी, पुन्हा शेतमजूर, अशी ओळीने नोंद आहे. आपल्या संस्थापकांनी स्वतः साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात राहून शिक्षण घेतले होते. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसतात हे त्यांनी तिथे पाहिले आणि इथे आणले. पुढे पाने उलटता उलटता आपलीही नोंद सापडली. ऑगस्ट 1974, शेऱ्यात ‘दाखला नंतर आणण्याच्या अटीवर’ असे लिहिलेले. आपल्या पत्रात आपणच लिहिले आहे की आईसाहेब आपल्याला वस्तीवरून चालत घेऊन आल्या, हातात कागद नव्हता, आणि हेडमास्तरांनी नाव लिहून घेतले. त्या नोंदीचा फोटो सोबत जोडला आहे. तो आपल्याजवळ असावा, एवढ्यासाठीच.

या नकाराने आमचे काय नुकसान होते आहे, तेही लपवत नाही. विज्ञानाच्या खोलीत एकच सूक्ष्मदर्शक धड चालतो. कांद्याचा पापुद्रा बघायला मुले रांगेत उभी राहतात आणि निम्म्यांची पाळी यायच्या आत घंटा होते. पावसाळ्यात पत्रा गळतो म्हणून रसायनांच्या बाटल्या मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवाव्या लागतात. आपल्या पैशांतून हे सगळे बदलले असते. बैठकीतून उठताना सगळेच गप्प होते.

प्रवेशाच्या अटी मागे घेऊन आपण ही देणगी देऊ इच्छित असाल, तर प्रयोगशाळेच्या दारावर आईसाहेबांचेच नाव लागेल. प्रवेश झालेल्या मुलांसाठी काही करावे असे मनात आल्यास, आईबाप फडावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांची जेवणा-राहण्याची सोय, ही आमची सर्वांत मोठी नड आहे. भावकीतल्या मुलांना आपण स्वतः शिष्यवृत्ती दिलीत, तर शाळा त्यांची हजेरी आणि गुणपत्रके आनंदाने पुरवील. यातले काहीच जमणारे नसले, तरी आमच्या मनातला आपला मान तसूभरही कमी होणार नाही. 2018 साली आपण पाठवलेली पाण्याची टाकी आजही रोज भरते.

16 जूनला शाळा उघडते आहे. पहिल्या दिवशी पाचवीच्या मुलांना गुलाबाचे फूल देऊन वर्गात नेतात. प्रकृती ठीक असेल तर आपण यावे, मुलांना आपल्या हातून फुले द्यावीत आणि दुपारी आमच्या घरी भाकरी खाऊन जावे. धनादेश परत केला म्हणून संकोच धरू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली नम्र,
अध्यक्षा, कार्यकारी मंडळ
(आणि याच शाळेची निवृत्त शिक्षिका)

सोबत : 1) मूळ धनादेश, 2) 8 जून 2025 च्या ठरावाची प्रत, 3) जनरल रजिस्टरमधील नोंदीचा फोटो