पाव वाटी खोबरं

काळे वाटाणे रात्रीच भिजत घातले होते. एक वाटी, म्हणजे वजनाला दोनशे ग्रॅम. आजी ओंजळीने मोजायची, म्हणून सायलीने आधी ओंजळ काट्यावर रिकामी करून घेतली आणि मग वाटीत भरून पाहिली. दहा-बारा तास हवेतच, नाहीतर शिट्या कितीही काढल्या तरी साल चिवट राहते आणि आतला दाणा खडखडतो.

फोन तिने शेगडीपासून लांब, फळीवर, खाली फडकं घालून ठेवला होता. ओट्यावर ठेवलेल्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये फोडणीच्या तडतडीखाली आजीचं बोलणंच बुडालं होतं. काळाचौकीच्या त्या खोलीत पंखाही बंद करावा लागला.

"मीठ आता नको गो. मगे घाल," आजी म्हणाली. "आणि कोकम तर अजिबात नाय. आंबट पडला की वाटाणो शिजाचो थांबता."

वाटाण्यांवर दोन पेरं पाणी, एक शिटी मोठ्या आचेवर आणि मग आच बारीक करून पंधरा मिनिटं. कुकरमधलं काळपट पाणी टाकायचं नाही, आमटीचा रंग त्यातच असतो.

मग वाटप. दोन चमचे धणे, अर्धा चमचा बडीशेप, पाच मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, सगळं कोरडं भाजून बाजूला. थोड्या तेलात एक मोठा कांदा तांबूस होईपर्यंत, शेवटी सहा लसूणपाकळ्या आणि आल्याचा तुकडा. खोबरं सगळ्यांत शेवटी आणि मंद आचेवर, हात न थांबवता. बदामी झालं की लगेच ताटलीत काढायचं, कारण तापलेल्या कढईत ते गॅस बंद केल्यावरही भाजत राहतं. "करपलां तर सगळां वाटप कडू. मग साखर घालून उपयोग नाय."

सायलीने वहीत लिहिलं होतं: अर्धा नारळ, खवून एक वाटी. गेल्या रविवारी आजीनेच तोंडी सांगितलेलं. पण आता कढईत जेमतेम पाव वाटी पडलं. आणि वाटप वाटून होताच आजीने कुकरमधले डावभर वाटाणे घेऊन तेही मिक्सरमध्ये फिरवले.

"आजी, हे रविवारी सांगितलं नव्हतंस. वाटाणे का वाटलेस?"

"दाटपणा येता."

"मग अर्धा नारळ कुठे गेला?"

आजीने मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून विसळलं, ते पातेल्यात ओतलं. लालबागच्या मिरची गल्लीतून डंकावर कुटून आणलेला मालवणी मसाला अडीच चमचे, वाटप तेलात परतताना. तेल कडेने सुटेपर्यंत. तेवढा वेळ ती बोलली नाही.

"संपात," मग म्हणाली.

जानेवारी 1982. आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. खोलीत खानावळ, दोन वेळचं जेवण, पैसे महिन्याला. गिरण्या बंद पडल्यावर मेंबरांपैकी बरेच कोकणात निघून गेले. जे उरले त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं.

"जेवाक नको म्हणून कोणाक सांगू? नारळ पाव केलो. वाटाणे वाटून घातले."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलां. मालवणी माणसाक खोबरां कळाचा नाय? पण कोण काय बोल्लो नाय."

"आणि पैसे?"

"दोघांनी गावासून मनिऑर्डर केली. बाकीच्यांचा तुज्या आजोबांनी लिवलाच नाय. वहीत त्या वर्साची पानां कोरी."

सायलीला आठवलं, बाबांना बाहेरची दाट खोबऱ्याची आमटी कधीच पसंत पडत नाही. खूप झालं खोबरं, म्हणतात आणि भातावर घेतच नाहीत. संप सुरू झाला तेव्हा बाबा सात वर्षांचे होते.

"गरम पाणी घाल, थंड नाय," आजीने तिला हलवलं. "थंड घातलां तर तवंग जाता."

वाटाणे, त्यांचं पाणी, आता मीठ. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. चार कोकमं शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी, आणि झाकण.

सायलीने वही उघडून वाचून दाखवलं. खोबरं एक वाटी, त्याच्या शेजारी: 1982 पासून पाव वाटी आणि डावभर वाटलेले वाटाणे.

"डाव मोठो होतो," आजी म्हणाली. "तुमच्या आताच्या चमच्यान चार लिव. आणि पाव वाटीचा पयला लिव, बाबाक ताच लागता."