विषय: शुक्रवार, 28 नोव्हेंबर 2025 नंतरचा माझा संपर्क आणि कामाची जबाबदारी

सर्व सहकाऱ्यांना सप्रेम नमस्कार,

शुक्रवार, 28 नोव्हेंबर 2025 हा आपल्या चाकण कारखान्यातील माझा कामाचा शेवटचा दिवस आहे. पुणे-नाशिक महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे नाशिकला, विजेची स्विचगिअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिसेंबरपासून रुजू होत आहे. आई-वडिलांजवळ राहता यावे, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. ही कंपनी आपली ग्राहक नाही आणि स्पर्धकही नाही, हे इथेच नमूद करते, कारण गेल्या आठवड्यात चहाच्या वेळी तो प्रश्न मला बऱ्याच जणांनी आडून आडून विचारला.

पुरवठादार गुणवत्तेचे माझ्याकडील काम सोमवारपासून सचिन भोसले पाहतील. पुरवठादारांच्या तक्रारींपैकी ज्यांचे एट-डी अहवाल अजून बंद झालेले नाहीत, त्या प्रत्येकीची सद्यःस्थिती, पुरवठादाराने मान्य केलेली तारीख आणि पुढचे पाऊल विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये नोंदवले आहे. ॲल्युमिनियम हाउसिंगच्या ब्लोहोलचा विषय मात्र फाइल वाचून पुरता कळणारा नाही, म्हणून सचिन आणि मी भोसरीच्या फाउंड्रीत एकत्र जाऊन आलो आहोत. तिथला साचा दुरुस्त होऊन नव्या नमुन्यांची लीक टेस्ट समाधानकारक येईपर्यंत आवक तपासणी शंभर टक्केच ठेवावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे, आणि उत्पादन विभागाला ती गैरसोयीची वाटणार याची मला कल्पना आहे. जानेवारीतील आयएटीएफ 16949 च्या ऑडिटसाठी लागणाऱ्या पुरवठादार मूल्यांकनाच्या नोंदी अद्ययावत असून त्यांच्या मूळ प्रती देशमुख मॅडमकडे दिल्या आहेत.

2017 साली मी इथे आले तेव्हा कास्टिंगचा भाग हातात घेऊन त्यातला दोष ओळखणे मला येत नव्हते. ते स्टँडर्ड रूममधल्या आणि लाइनवरच्या मंडळींनी, ड्रॉइंग बाजूला ठेवायला लावून, शिकवले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू होणार म्हणून बदललेल्या भागांचे पीपॅप आपण त्या आधीच्या महिन्यांत एकामागून एक पूर्ण करत होतो, आणि अखेरच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. त्या काळात स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या सहकाऱ्यांनी कोणाचा माल कुठे अडकला आहे याची वहीत हाताने ठेवलेली यादी पुढे कारखाना सुरू होताना आमच्या विभागाला सिस्टिममधल्या नोंदींपेक्षा अधिक उपयोगी पडली. त्याबद्दल तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते. कॅन्टीनच्या काकांनी रात्रपाळीच्या सेग्रिगेशनला न सांगता पाठवलेला चहाही त्याच खात्यात जमा आहे.

कृपया भेटवस्तूसाठी वर्गणी काढू नये. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मी जागेवर आहे. ज्यांना भेटायचे असेल त्यांनी अवश्य यावे. त्यानंतर लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करायचे असल्याने कंपनीचा ईमेल बंद होईल.

माझा वैयक्तिक ईमेल पत्ता या संदेशाच्या सीसीमध्ये ठेवला आहे, तो आजच जतन करून घ्यावा. मोबाइल क्रमांक बदलणार नाही. विभागाच्या व्हॉट्सॲप गटात आहे तोच राहील. कंपनीच्या गटांतून मी शुक्रवारी रात्री स्वतः बाहेर पडेन, त्यात रागाचा काही भाग नाही. यापुढे माझी साप्ताहिक सुटी गुरुवारऐवजी रविवारी असेल, त्यामुळे आपल्या सुटीच्या दिवशी फोन केल्यास मी बहुधा कामात असेन. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी केलेला फोन नक्की उचलला जाईल. लिंक्डइनवरही मी आहे, पण तिथले निरोप मी उशिरा पाहते.

जुन्या फाइलमधील एखादी नोंद लागत नसेल, तर डिसेंबरअखेरपर्यंत सचिनमार्फत जरूर विचारावे. दर, ड्रॉइंग आणि ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार यांविषयी मात्र मला बाहेरून बोलता येणार नाही, आणि कोणी तसे विचारून मला संकोचात टाकणार नाही याची खात्री आहे. विभागातील शिकाऊ उमेदवारांपैकी कोणाला मुलाखतीची तयारी करायची असेल किंवा माझ्या हाताखाली केलेल्या कामाबद्दल शिफारस हवी असेल, तर त्यांनी निःसंकोच लिहावे. जे काम मी स्वतः पाहिले आहे त्याबद्दल आनंदाने लिहून देईन.

नाशिकला कामानिमित्त येणे झाले, तर आदल्या दिवशी कळवावे. जेवायला घरीच यायचे आहे.

आपली,
मेधा सबनीस
पुरवठादार गुणवत्ता विभाग, चाकण