सरावपत्रिका ४: संमिश्र संख्यांचे मापांक, संयुग्मी आणि मूलभूत क्रिया

इयत्ता अकरावी, रविवारचा मराठी वर्ग, इंदूर. वेळ ४५ मिनिटे, एकूण गुण २०.

मागच्या पत्रिकेच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसली: सूत्र सगळ्यांना पाठ आहे, पण i² च्या जागी −1 घालण्याची वेळ येते तेव्हा वास्तव भागातले पद काल्पनिक भागात मिसळते आणि पुढचे सगळे गणित वाया जाते. म्हणून या पत्रिकेत प्रत्येक पायरी दोन ओळींत लिहायची आहे. ‘वा.’ या ओळीत फक्त वास्तव भाग आणि ‘का.’ या ओळीत फक्त काल्पनिक भाग लिहावा. दोन्ही अगदी शेवटी एकत्र करावेत. शाळेच्या हिंदी पुस्तकातही ‘मापांक’ आणि ‘संयुग्मी’ हेच शब्द असल्यामुळे तुम्हाला अडचण येणार नाही. तिथल्या ‘वास्तविक’ला आपण ‘वास्तव’ म्हणू.

z = a + bi असेल, तर तिची संयुग्मी z̄ = a − bi आणि मापांक |z| = √(a² + b²) असतो. काल्पनिक भाग b हा असतो, bi नव्हे. तो स्वतः वास्तव संख्याच असतो, त्यामुळे ‘का.’ या ओळीत i लिहू नये.

सोडवलेले उदाहरण. z = 3 + 2i आणि w = 1 − 4i यांचा गुणाकार व भागाकार करू.

```
zw
वा.: (3)(1) − (2)(−4) = 3 + 8 = 11
का.: (3)(−4) + (2)(1) = −12 + 2 = −10
zw = 11 − 10i

z/w  (w̄ = 1 + 4i ने वर व खाली गुणून)
छेद: 1² + (−4)² = 17
वा.: (3)(1) − (2)(4) = −5,   17 ने भागून −5/17
का.: (3)(4) + (2)(1) = 14,   17 ने भागून 14/17
z/w = −5/17 + (14/17)i
```

गुणाकाराच्या ‘वा.’ ओळीकडे नीट पाहा. त्या ओळीतले उणे चिन्ह i² = −1 मधून आले आहे आणि −4 चे उणे चिन्ह w मधले आहे. ही दोन चिन्हे वेगळी आहेत. ती कंसाविना लिहिली, तर त्यांपैकी एक हमखास गळते.

ताळा मापांकाने करावा. |z|² = 13 आणि |w|² = 17 असल्यामुळे |zw|² = 221 यायला हवा, आणि 11² + 10² = 221 येतो. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलेल्या अधिक व्यापक सूत्राचे एक विशेष रूप आहे. म्हणजे i हे चिन्ह रूढ होण्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधीच आपल्याकडे या गुणाकाराचा गाभा माहीत होता, आणि ही गोष्ट मला दर वेळी तितकीच सुंदर वाटते.

प्र. १ (३ गुण). 5 − 12i, −3i आणि 7 या प्रत्येक संख्येचा वास्तव भाग, काल्पनिक भाग, संयुग्मी आणि मापांक लिहा. एखादा भाग शून्य असेल, तर तिथे 0 स्पष्ट लिहा. जागा रिकामी सोडू नका.

प्र. २ (३ गुण). z = 4 + 3i आणि w = 2 − 5i असताना z + w आणि z − w काढा. बेरजेची संयुग्मी ही संयुग्मींच्या बेरजेइतकीच येते, हे पडताळा.

प्र. ३ (४ गुण). (2 − 3i)(5 + i) हा गुणाकार करा आणि मापांकाने ताळा घ्या.

प्र. ४ (४ गुण). (7 + i)/(1 + 2i) ही संख्या a + bi या रूपात लिहा. छेद वास्तव होईपर्यंत भागाकार करू नये.

प्र. ५ (२ गुण). एका विद्यार्थ्याने (3 + i)² = 10 + 6i असे लिहिले. चूक कोणत्या ओळीत आहे, ते सांगून उत्तर दुरुस्त करा.

प्र. ६ (४ गुण). आलेखकागदावर राजवाडा आरंभबिंदूवर आहे, पूर्व ही वास्तव अक्षाची धन दिशा आणि उत्तर ही काल्पनिक अक्षाची धन दिशा आहे, आणि एका चौकोनाची बाजू 100 मीटर आहे, असे समजा. तुम्ही A = 3 + i येथे आणि तुमची मैत्रीण B = −1 + 4i येथे उभी आहे. तुमच्यातले सरळ रेषेतले अंतर |A − B| वापरून काढा. मैत्रीण B̄ येथे गेली, तर ते अंतर किती होईल?

उत्तरे (पत्रिका पूर्ण सोडवल्यावरच पाहावीत).

१. 5 − 12i: वा. 5, का. −12, संयुग्मी 5 + 12i, मापांक 13. −3i: वा. 0, का. −3, संयुग्मी 3i, मापांक 3. 7: वा. 7, का. 0, संयुग्मी 7, मापांक 7.

२. z + w = 6 − 2i, z − w = 2 + 8i; दोन्ही बाजूंनी संयुग्मी 6 + 2i.

३. वा. 10 + 3 = 13, का. 2 − 15 = −13; उत्तर 13 − 13i. ताळा: 13 × 26 = 338 = 13² + 13².

४. छेद 5, वा. 7 + 2 = 9, का. −14 + 1 = −13; उत्तर 9/5 − (13/5)i.

५. चूक ‘वा.’ ओळीत आहे: i² ला +1 धरले आहे. वा. 9 − 1 = 8, का. 6; उत्तर 8 + 6i.

६. A − B: वा. 4, का. −3, मापांक 5, म्हणून अंतर 500 मीटर. B̄ = −1 − 4i असल्यामुळे A − B̄: वा. 4, का. 5, मापांक √41, म्हणून अंतर सुमारे 640 मीटर.