शनिवारच्या परिपाठाचं टाचण: मोहनची चिठ्ठी

सकाळची शाळा, पाचवी ते सातवी. बातम्या आणि दिनविशेष झाल्यावर, पसायदानाआधी दहा मिनिटं. माईक घ्यायचा नाही. पृथ्वीगोल कापडी पिशवीत घालून टेबलावर ठेवायचा, लगेच उघडायचा नाही. गोखल्यांची गणिताची गोष्ट नको. सुरुवात केली की मुलंच शेवट सांगून मोकळी होतात.

*

बसा मुलांनो. मागच्या रांगांनी थोडं पुढं सरका, आज मी मोठ्यानं बोलणार नाही.

आज एका घरातली गोष्ट सांगते. गाव राजकोट, काळ १८८४ च्या आसपासचा. त्या घरातल्या दोन भावांची ही गोष्ट. मोठ्या भावाच्या डोक्यावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं. आज पंचवीस रुपयांत फार तर एक वडापाव येतो, पण तेव्हा ही रक्कम मोठी होती, आणि घरी सांगायची सोय नव्हती. मोठ्या भावाच्या हातात भरीव सोन्याचं कडं होतं. धाकट्यानं, म्हणजे मोहननं, त्यातला एक तुकडा काढला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा, आपल्या सातवीतल्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. कर्ज फिटलं.

आता बघा, ही चोरी पकडली गेली नव्हती. पैसे देऊन झाले होते, कुणी विचारायला आलेलं नव्हतं. मोहन गप्प बसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याला ते सहन होईना.

वडिलांना सांगायचं त्यानं ठरवलं, पण तोंड उघडेना. वडील मारतील याची भीती त्याला नव्हती. त्यांना वाईट वाटेल, याची होती. म्हणून त्यानं सगळं एका कागदावर लिहून काढलं. मी चोरी केली, मला योग्य ती शिक्षा करा, माझ्या चुकीसाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, आणि पुन्हा चोरी करणार नाही, असं त्यात होतं. वडील आजारी होते, साध्या लाकडी फळीवर पडून असायचे. मोहननं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि समोर बसला. त्याला कापरं भरलं होतं.

(इथे थांबायचं. मुलांना त्या खोलीत बसू द्यायचं.)

वडील उठून बसले, चिठ्ठी वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालांवरून ओघळून कागदावर पडलं. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. रागावले नाहीत, हात उगारला नाही. मोहनही रडला.

हा मोहन म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पुढं आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ही गोष्ट स्वतःच सांगितली. ती झाकून ठेवली असती तर आपल्याला कधी कळलीही नसती.

आता प्रश्न. हात वर करायचा नाही, शेजाऱ्याला सांगायचं नाही. डोळे मिटा आणि मनातल्या मनात उत्तर द्या.

खरं सांगावंसं वाटलं, आणि तरी सांगितलं नाही, असं तुमचं कधी झालंय? तेव्हा नेमकी कशाची भीती वाटली होती?

(पूर्ण एक मिनिट. घड्याळ बघायचं, मध्ये बोलायचं नाही.)

उघडा डोळे. कुणाला माराची वाटली असेल. कुणाला सगळ्यांसमोर हसं होण्याची. आई दिवसभर शेतात राबून आलीय, तिला आणखी एक त्रास कशाला, असंही कुणाला वाटलं असेल. ती भीती खरीच असते. तिला मी खोटी म्हणणार नाही.

माझं सांगते. पाचवीत असताना माझ्या हातून शाईची दौत कलंडली आणि शेजारच्या मुलीची नकाशावही भिजली. तिनं महाराष्ट्राच्या नद्या फार सुंदर काढल्या होत्या. गोदावरी तर नाशिकपासून खाली निळ्या रेघेनं अशी वळवत आणली होती की बघत राहावं. सगळी शाईत बुडाली. गुरुजी वर्गात आले आणि वही नीट ठेवत नाहीस म्हणून तिलाच बोलले. मी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग सोमवारी सांगू म्हटलं. वर्ष संपलं, तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गाव सोडून गेली. अजूनही कुणी वर्गात नदीची निळी रेघ काढायला लागलं की मला ती वही दिसते.

आणि दुसरी चूक शिक्षिका म्हणून केलेली. मागच्या वर्षी तुमच्यातलाच एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, वाचनालयाचं पुस्तक माझ्याकडून हरवलं." मला तेव्हा घाई होती. सगळ्यांच्या देखत मी त्याला फाडफाड बोलले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे कुणी काही सांगायला आलं नाही. पुस्तकं हरवायची थांबली नव्हती, फक्त मला कळायची थांबली होती. त्या मुलाची मी नंतर माफी मागितली. आज तुमच्या सगळ्यांसमोर पुन्हा मागते, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच.

(आता पिशवी उघडायची.)

हा आपला पृथ्वीगोल. विषुववृत्तावर चीर गेलीय आणि दांडा तुटलाय. मंगळवारी तो कपाटाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलेला सापडला. कुणी पाडला हे मी विचारणार नाही. वर्गावर्गात चौकशी होणार नाही, आणि एकानं दुसऱ्याचं नाव आणून द्यायचं नाही. ते मला नको आहे. तुमचं तुम्हीच सांगायचं असेल तर सांगा.

जाताना एवढंच बरोबर न्या. मोहनच्या गोष्टीत दोन माणसं होती. एकानं चिठ्ठी दिली, दुसऱ्यानं ती नीट घेतली. वडिलांनी त्या दिवशी आरडाओरडा केला असता, तर पुढच्या वेळी मोहननं चिठ्ठी लिहिली असती का, याचा विचार मी बरेच दिवस करतेय. म्हणून तुमच्यासारखंच मलाही आजपासून एक काम आहे. माझ्याकडे जो खरं सांगायला येईल, त्याचं मी आधी पूर्ण ऐकून घेईन. नुकसान झालं असेल तर ते कसं भरून काढायचं ते दोघं मिळून ठरवू. चारचौघांत त्याचं नाव निघणार नाही. घरी एखादं धाकटं भावंड तुमच्याकडे असंच काही सांगायला आलं, तर तुम्हीही त्याचं ऐकून घ्या.

सोमवारपासून मधल्या सुट्टीत मी वाचनालयाच्या खोलीत बसेन. दार लोटलेलं असेल, कडी लावलेली नसेल. बोलता आलं नाही तर चिठ्ठी लिहा, मोहननंही लिहिलीच होती. टेबलावर हा गोल असेल, शेजारी डिंक आणि चिकटपट्टी. दांडा बसवायला दोघं लागतात, एकानं धरायचं आणि एकानं चिकटवायचं.

चला, उभे राहा. हात जोडा. पसायदान.