विषय: एक निरोप पोचवशील का? (जमत असेल तरच)

संदीप,

गुढीपाडव्याच्या त्या फॉरवर्डनंतर आपलं बोलणं नाही, आणि आता थेट काम घेऊनच लिहितोय. काम पडल्यावर बरी आठवण झाली असं म्हणशील तर म्हण, ऐकून घेतो. आधी फोन करणार होतो. पण फोनवर तू पटकन 'अरे करतो ना' म्हणून मोकळा होशील, मला माहितेय. हे निवांत वाच आणि नको वाटलं तर सरळ नको म्हण.

तुला कोणी सांगितलं नसेल, पण तुमच्या चाकणच्या प्लांटमध्ये सिनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मी मुलाखत दिलीय. मे महिन्यात कन्सल्टंटकडून फोन आला तेव्हा कंपनीचं नावही त्यानं सांगितलं नव्हतं. पहिला राउंड २९ मेला व्हिडिओवर झाला. १२ जूनला, गुरुवारी, प्लांटवर बोलावलं. त्या दिवशी तू मला दिसलास. कॅन्टीनच्या काचेपलीकडे ताट घेऊन उभा होतास, आणि वाढणाऱ्याला काहीतरी समजावून सांगत होतास, बहुतेक रस्सा वेगळ्या वाटीत द्यायला. म्हणजे बदलला नाहीस. हाक मारणार होतो, पण गळ्यात व्हिजिटरचा पास होता आणि शेजारी तुमचा माणूस. म्हटलं, निकाल लागल्यावर सांगू. तो निकालच अडकलाय.

मुलाखत चांगली झाली असं मला वाटतं. शेवटी त्यांनी शॉपफ्लोअरवर नेलं, एक हाउसिंग हातात दिलं आणि विचारलं, हे कापलं तर पोरॉसिटी कुठे दिसेल? मी गेट कुठे आहे ते पाहिलं, ओव्हरफ्लो कुठून तोडलेत ते पाहिलं, आणि त्या जाड बॉसवर बोट ठेवलं. भोवती सगळी भिंत पातळ, हा एकटाच जाडजूड. मेटल सगळ्यात शेवटी तिथेच गोठणार. साहेब काही बोलले नाहीत. ड्रॉवर उघडून त्याच पार्टचा कापलेला तुकडा टेबलावर ठेवला. बॉसच्या पोटात बारीक काळी जाळी, अगदी बोट ठेवलं होतं तिथेच. नंतरची पंधरा-वीस मिनिटं मुलाखत राहिलीच नाही, आपण भोसरीत चहावर बोलायचो तसं बोलणं झालं, तेही निम्मं मराठीत. निघताना एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "दहा दिवसांत कळवतो."

दहा दिवस झाले. मध्ये पालख्या पुण्यात येऊन गेल्या, परवा आषाढीही झाली. २४ जूनला मी मॅडमना मेल टाकली, तर लगेच उलट उत्तर आलं की त्या १ सप्टेंबरपर्यंत रजेवर आहेत, भरतीच्या कॉमन मेलवर लिहा. तिथे त्याच दिवशी लिहिलं, २ जुलैला परत लिहिलं. दोन्हींना उत्तर नाही. कन्सल्टंटला विचारलं की "अंडर प्रोसेस आहे सर" एवढंच ऐकू येतं. मुद्दाम कोणी उत्तर देत नाहीये असं मला वाटत नाही. बाई रजेवर जाताना फाइल ज्याच्याकडे जायला हवी होती त्याच्याकडे ती पोचलीच नसावी, असा माझा अंदाज. आपल्याकडे डेव्हिएशनचे कागद असेच कोणाच्या तरी ट्रेमध्ये झोपायचे, आठवतं ना.

एरवी मी अजून पंधरा दिवस गप्प बसलो असतो. पण ४ तारखेला वाळूजच्या एका कंपनीची ऑफर हातात आली, आणि त्यांना शुक्रवारी, ११ तारखेला, हो की नाही ते सांगायचंय. ऑफर वाईट नाही. पण घर उचलून संभाजीनगरला न्यायचं म्हणजे प्रियाची चिंचवडच्या लॅबमधली नोकरी सुटणार, आणि पोरीची पाचवी सुरू होऊन महिनासुद्धा झाला नाही. चाकण मिळालं तर यातलं काहीच हलवावं लागत नाही. म्हणून विचारतोय. तुमच्याकडून 'नाही' आलं तरी माझं काम होतं. मी शुक्रवारी वाळूजला हो म्हणून टाकीन. काहीच न कळता हो म्हटलं, आणि सोमवारी तुमचं पत्र आलं, तर दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा नाही.

आता तुझ्याकडून काय हवंय ते. मॅडमच्या फाइली सध्या एचआरमध्ये कोण बघतंय ते तुला आत राहून पाच मिनिटांत कळेल, मला बाहेरून ते कळत नाहीये. त्या माणसापर्यंत खालचा मजकूर पोचव. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, प्रिंट काढून टेबलावर, कसंही. तुला शब्द जुळवायला लागू नयेत म्हणून लिहूनच देतोय:

"नमस्कार. सिनियर क्वालिटी इंजिनिअर पदासाठी मिलिंद यांची प्लांटवरची मुलाखत १२ जून रोजी झाली. त्यानंतर २४ जून आणि २ जुलै रोजी त्यांनी भरती विभागाच्या मेलवर विचारणा केली आहे, त्याचं उत्तर त्यांना मिळालेलं नाही. त्यांच्याकडे दुसरी ऑफर असून त्यावर ११ जुलैपर्यंत निर्णय कळवायचा आहे. आपली त्यांना पहिली पसंती आहे. निवडीबाबत सध्याची स्थिती काय आहे, किंवा निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, एवढं गुरुवार १० जुलैपर्यंत त्यांना कळवता आलं तर बरं होईल. निर्णय नकाराचा असेल तरीही कळवावं, अशी त्यांची विनंती आहे. नोटीस कालावधी ६० दिवसांचा आहे."

याच्यावर तुझं एक वाक्य घाल, 'माझ्या जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्याचा निरोप आहे, पुढे पाठवतोय', आणि बाजूला हो. शिफारस नको. तुझं वजन माझ्यासाठी खर्च करू नकोस.

हे कोरडं वाटेल, पण मुद्दाम लिहितोय, कारण तुझा स्वभाव मला माहितेय. तू एचआरकडे न जाता थेट क्वालिटीच्या साहेबांना कॅन्टीनमध्ये गाठशील आणि म्हणशील, "आमचा मिलिंद कसा वाटला?" ते करू नकोस बाबा. मुलाखत त्यांनीच घेतली होती, आणि टूलरूमचा माणूस क्वालिटीच्या निवडीत डोकावतोय असं त्यांना वाटलं तर माझं जे व्हायचं ते होईलच, पण तुझंही नाव खराब होईल. तू जानेवारीत लागलास ना? म्हणजे सहा महिने आत्ता भरतायत, कन्फर्मेशनचा कागद याच महिन्यात निघायचा. एचआरमधल्या कोणाशी तुझं सध्या फारसं जमत नसेल, किंवा तुमच्याकडे अशा गोष्टी चालत नसतील, तर हा मेल इथेच सोड. मला एका ओळीत 'जमणार नाही' एवढं कळव, कारण विचारणार नाही.

रेफरलचा फॉर्मही भरू नकोस. माझा अर्ज कन्सल्टंटच्या नावावर आधीच आत आहे; वर तुझा फॉर्म गेला तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील आणि फी कोणाला यावरून आणखी महिनाभर फाइल फिरेल. तुझा बोनस बुडाला खरा. त्याची भरपाई मिसळीत होईल.

कोणी विचारलंच, की तू याला ओळखतोस का, तर जे आहे ते सांग. चार वर्षं एकत्र होतो, आणि त्यातली निम्मी भांडण्यात गेली हेही सांग. रांजणगावच्या गोडाऊनमधल्या त्या दोन रात्री मी अजून विसरलो नाही. लीकच्या तक्रारीनंतर ३,२०० हाउसिंग, तुझ्या हातात तो निळा टॉर्च, मी म्हणतोय डायचा दोष आहे, तू म्हणतोयस प्रोसेसचा. पहाटे टपरीवरचा चहा पिऊन परत आलो, डाय उतरवली, तर चिल व्हेंट फ्लॅशनं गच्च भरलेला. हवा जाणार कुठून? माझं म्हणणं निम्मं खरं निघालं, तुझंही. पण ८डीमध्ये 'व्हेंट साफ करायचं वेळापत्रकच नव्हतं' हे वाक्य तू स्वतः लिहिलंस, साहेब ते मऊ करायला सांगत असतानाही. आज निरोप कोणाकडे द्यावा असा विचार आला तेव्हा तुझंच नाव आधी सुचलं ते त्यामुळेच.

तुला आतून काही कळलं, म्हणजे जागा भरली, की गोठवली, की दुसऱ्याला ऑफर गेली, तर ते मला सांगायचं की नाही हे तू ठरव. सांगितलंस तर माझ्यापाशी राहील. पण ते शोधायला म्हणून तू जाऊ नकोस. अधिकृत उत्तर मला एचआरकडूनच आलेलं बरं, म्हणजे उद्या कोणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.

इथे अजून कोणालाही माहीत नाही. सिस्टीम ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे आणि माझ्या टेबलावर कंट्रोल प्लॅनचा ढीग पडलाय, त्यामुळे साहेब दर अर्ध्या तासाला माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. म्हणून दिवसा फोन नको. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, नंबर तोच आहे. दुपारी साडेबारा ते एक मी गेटबाहेर टपरीवर असतो, तेव्हा फोन केलास तरी हरकत नाही. किंवा रात्री साडेनऊनंतर.

निरोप पोचला की फक्त 'दिला' एवढं टाक, म्हणजे मी त्या कॉमन मेलवर तिसऱ्यांदा लिहायचं थांबतो. आणि शुक्रवारी काहीही झालं तरी मी तुला कळवीन, तुला ताटकळत ठेवणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? पाडव्याला तू म्हणाला होतास, नंतर विचारायचं राहूनच गेलं.

मिलिंद
मंगळवार, ८ जुलै